लॅपटॉपमध्ये आयपी पत्ता हाताने टाकला, तरी तो तुमच्या नावावर होत नाही

प्रश्न: दुकानाच्या बिलिंगचा डेटा माझ्या लॅपटॉपवर आहे आणि काउंटरवरचा पीसी तो वाय-फायवरून उघडतो. लॅपटॉपचा आयपी बदलला की काउंटरचं बिलिंग बंद पडायचं, म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन 192.168.1.50 कायमचा टाकला. सुरुवातीला मस्त चाललं. आता काही सकाळी दुकानात नेटही नाही आणि बिलिंगही नाही. घरी तर नेट कधीच येत नाही, वाय-फाय मात्र जोडलेलं दिसतं. मी आकडा चुकीचा टाकला का? विंडोज ११ आहे.

उत्तर:

आकडा चुकलेला नाही. घरी होतंय तो एक बिघाड आहे आणि दुकानात होतोय तो दुसरा. दोन्ही एकाच सेटिंगमुळे होत असले तरी त्यांची कारणं निराळी आहेत आणि उपायही निराळे. ते एकत्र धरून बसलात तर आकडे बदलत राहाल आणि हाती काही लागणार नाही. मी दुकानं, दवाखाने, क्लासेस यांची छोटी नेटवर्क सांभाळतो, आणि तिथे हीच जोडगोळी वरचेवर भेटते.

आधी मूळ समजून घेऊ. लॅपटॉप आपोआप पत्ता घेण्याच्या सेटिंगवर असतो तेव्हा तो वाय-फायला जोडल्या जोडल्या राउटरला विचारतो, की मला पत्ता द्या. राउटरमधली डीएचसीपी नावाची सोय त्याला चार गोष्टी देते: त्याचा स्वतःचा आयपी पत्ता, सबनेट मास्क, म्हणजे आपल्या नेटवर्कची हद्द कुठपर्यंत ते, गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, जो बहुतेक वेळा राउटरच असतो, आणि डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर. हे सगळं ठरावीक मुदतीसाठी दिलेलं असतं आणि राउटर त्याची नोंद ठेवतो, की 50 क्रमांक अमुक उपकरणाकडे, अमुक वेळेपर्यंत. घरगुती राउटरवर ही मुदत दोन तासांची असते किंवा एका दिवसाची, मॉडेलप्रमाणे.

तुम्ही पत्ता हाताने टाकलात, त्या क्षणी हा सगळा व्यवहार थांबला. लॅपटॉप आता राउटरला काही विचारत नाही, आणि राउटरच्या वहीत तुमच्या 50 क्रमांकाची ओळच नाही. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसं हे आहे. कंडक्टरच्या तक्त्यात तुमचं नाव नाही, त्यामुळे ती सीट त्याने दुसऱ्याला दिली तर त्याची चूक म्हणता येत नाही. शिवाय तुम्ही रोज रात्री तो रुमाल उचलून घरी नेता.

घरी काय होतंय

हा भाग सोपा आहे, तो आधी उरकू. घरी गेल्यावर तुमच्या फोनच्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन फोनला मिळालेला आयपी पत्ता बघा. समजा तो 192.168.29.14 असा दिसला. जिओफायबरच्या राउटरचा पत्ता सहसा 192.168.29.1 असतो, म्हणून हे उदाहरण घेतो, तुमच्याकडे 192.168.0.1 किंवा आणखी काही असू शकेल. मुद्दा तिसऱ्या आकड्याचा आहे. तुमच्या दुकानात तो 1 आहे आणि घरी 29. मास्क 255.255.255.0 असेल तर पहिले तीन आकडे मिळून नेटवर्क ठरतं आणि शेवटचा आकडा त्या नेटवर्कातलं उपकरण. म्हणजे दुकान आणि घर ही दोन वेगळी नेटवर्क झाली.

लॅपटॉपला हे कळायला मार्ग नाही. तो घरच्या वाय-फायवर बसून हाक मारत राहतो, की 192.168.1.1 कोण आहे, मला बाहेर जायचंय. त्या घरात त्या क्रमांकाचं कुणीच नाही, त्यामुळे उत्तर येत नाही. वाय-फाय जोडलेलं दिसतं, कारण ते चिन्ह पासवर्ड जुळला आणि राउटरशी रेडिओचा दुवा लागला एवढंच सांगतं. पत्त्याचा हिशोब त्यानंतर सुरू होतो आणि तुमचा तिथे अडतो.

तुमच्या घरचा राउटरही योगायोगाने 192.168.1.1 वरच असता, तर घरी नेट चाललं असतं आणि तुम्हाला कधी शंकाही आली नसती. मग एखाद्या दिवशी घरातल्या टीव्हीला किंवा कुणाच्या फोनला तोच 50 क्रमांक मिळाला असता आणि दुकानातलीच भानगड घरीही झाली असती. म्हणून ‘माझ्याकडे तर दोन्हीकडे चालतं’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. ते त्याच्या घरच्या राउटरच्या आकड्यावर अवलंबून आहे.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही हेच होतं. आयफोनचा हॉटस्पॉट 172.20.10 ने सुरू होणारे पत्ते वाटतो, तिथे तुमचा 192.168.1.50 काही उपयोगाचा नाही. विंडोजमध्ये `ncpa.cpl` मधून, म्हणजे अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधून टाकलेला पत्ता त्या वाय-फाय कार्डाला चिकटतो. तुम्ही कुठल्या वाय-फायवर आहात याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

दुकानात ‘काही सकाळीच’ का

खरी गुंतागुंत इथे आहे. एक दिवस सावकाश उलगडून बघू.

संध्याकाळी तुम्ही लॅपटॉप बॅगेत घालून निघता. दुकानातला राउटर रात्रभर चालू राहतो. सकाळी तुमच्या आधी मदतनीस येतो, शटर उघडतो, आणि त्याचा फोन वाय-फायला लागतो. समजा त्याने नवा फोन घेतलाय. राउटरला हे उपकरण अनोळखी आहे, म्हणून तो मोकळ्या क्रमांकांपैकी एक उचलतो. राउटरची वाटपाची यादी 192.168.1.2 ते 192.168.1.254 अशी असेल, तर 50 ही त्यातच आला, आणि वहीप्रमाणे तो मोकळा आहे. काही राउटर क्रमांक देण्याआधी नेटवर्कवर विचारून घेतात, की हा कुणी वापरतंय का. पण लॅपटॉप त्या वेळी तुमच्या बॅगेत बंद आहे, उत्तर देणार कोण? फोनला 50 मिळतो.

तुम्ही येता आणि लॅपटॉप उघडता. विंडोज स्वतःचा पत्ता वापरण्याआधी नेटवर्कवर विचारतं, की 50 कुणाकडे आहे का. फोन म्हणतो, माझ्याकडे. विंडोज तिथे माघार घेतं. तो पत्ता दुहेरी म्हणून बाजूला ठेवतं आणि स्वतःला 169.254 ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता लावून घेतं. त्या पत्त्यावरून राउटर गाठता येत नाही, म्हणून नेट नाही. काउंटरचा पीसी 192.168.1.50 कडे डेटा मागतो आणि ती मागणी जाते मदतनिसाच्या फोनकडे, म्हणून बिलिंगही नाही.

सुरुवातीला चाललं, कारण राउटर सहसा ओळखीच्या उपकरणाला आधीचाच क्रमांक पुन्हा देतात. दुकानातली ठरलेली पाच-सहा उपकरणं आपापल्या क्रमांकांवर बसलेली होती आणि 50 ला कुणी हात लावला नाही. नवा फोन आला, गिऱ्हाइकाला वाय-फाय दिलं, किंवा वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याची वही कोरी झाली, की वाटप नव्याने होतं. आणि ज्या दिवशी लॅपटॉप मदतनिसाच्या फोनच्या आधी सुरू होतो, त्या दिवशी सगळं सुरळीत दिसतं. म्हणून बिघाड येतो-जातो.

हे माझं अनुमान आहे, तुमच्यासमोर बसून पाहिलेलं नाही. म्हणून पुढच्या वेळी बिघडेल तेव्हा लॅपटॉप बंद-चालू करण्याआधी कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा:

```
ipconfig /all
```

वाय-फायच्या भागात अशा दोन ओळी दिसल्या तर शंकेला जागा उरत नाही:

```
IPv4 Address. . . . . . . . . . . : 192.168.1.50(Duplicate)
Autoconfiguration IPv4 Address. . : 169.254.83.12(Preferred)
```

`Duplicate` हा शब्द म्हणजे तुमच्या पत्त्यावर दुसरं कुणी बसलंय. 169.254 नंतरचे आकडे तुमच्याकडे वेगळे असतील, त्यांना महत्त्व नाही.

ती वेळ निघून गेली असेल तरी विंडोज त्याची नोंद ठेवतं. `Event Viewer` उघडा, `Windows Logs` मध्ये `System` वर जा, आणि `Tcpip` या स्रोताची 4199 क्रमांकाची नोंद शोधा. पत्त्याची टक्कर झाल्याचं तिथे लिहिलेलं असतं, आणि समोरच्या उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक पत्ता, तोही दिलेला असतो. नोंदींच्या वेळा आणि बिलिंग बंद पडलेल्या सकाळी जुळल्या, तर निदान पक्कं.

कोण बसलंय ते शोधायचं असेल तर काउंटरच्या पीसीवरून हे करा:

```
ping 192.168.1.50
arp -a
```

यात एक बारकावा आहे. `ping` ला उत्तर आलं नाही म्हणून तो क्रमांक रिकामा आहे असं समजू नका. विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तर देऊ देत नाही, आणि काही उपकरणं मुळातच गप्प राहतात. पण पिंग पाठवण्याआधी पीसीला समोरच्याचा मॅक पत्ता विचारावाच लागतो आणि त्याचं उत्तर फायरवॉलवालं यंत्रही देतं. म्हणून पिंग फसला तरी लगेच `arp -a` बघा. 192.168.1.50 समोर जो मॅक दिसेल तो लॅपटॉपच्या `ipconfig /all` मधल्या `Physical Address` शी ताडून पाहा. वेगळा असेल तर तोच तुमचा पाहुणा. मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर 2, 6, a किंवा e असेल, म्हणजे `ae-…` किंवा `36-…` असं काही, तर तो यादृच्छिक बनवलेला मॅक आहे आणि बहुधा एखादा फोन आहे, कारण अलीकडचे अँड्रॉइड आणि आयफोन मुद्दाम असे मॅक वापरतात. फोन झोपेत असेल तर मात्र इथेही उत्तर न येण्याची शक्यता असते, म्हणून ही तपासणी बिघाड चालू असतानाच करायची.

मुळात कायमचा आयपी हवाच का

दुरुस्तीआधी हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. काउंटरचा पीसी लॅपटॉपवरचा शेअर केलेला फोल्डर उघडत असेल, तर तो आकड्याऐवजी नावानेही उघडता येतो. लॅपटॉपवर `hostname` ही कमांड चालवली की त्याचं नाव कळतं. समजा नाव `DUKAN-LAP` आहे आणि फोल्डर `billing`, तर काउंटरवर हा मार्ग द्या:

```
\\DUKAN-LAP\billing
```

मग लॅपटॉपचा आयपी रोज बदलला तरी काउंटरला त्याचं काही नाही. नाव पंधरा अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. लॅपटॉपवर दुकानाच्या वाय-फायची प्रोफाइल `Private network` असायला हवी. ती `Public` राहिली तर विंडोज शेजारच्या पीसीला आत येऊ देत नाही, आणि मग पत्ता बरोबर असूनही ‘सापडत नाही’ असा निरोप येतो. पुष्कळ जण इथे फसतात आणि पुन्हा आयपीचे आकडे बदलायला लागतात.

पण काही बिलिंग सॉफ्टवेअर सर्व्हरचा आयपीच मागतात, नाव घेत नाहीत. तुमचं कुठलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच्या सर्व्हरच्या रकान्यात नाव टाकून बघा. चाललं तर लॅपटॉप परत आपोआप पत्त्यावर आणा आणि प्रश्न मिटला. नाही चाललं तर पुढे वाचा.

आकडा लागणारच असेल तर तो राउटरमध्ये राखा

लॅपटॉप आपोआप पत्ता घेण्यावर ठेवायचा, आणि राउटरला सांगायचं, की या मॅक पत्त्याचं यंत्र आलं की त्याला नेहमी 50 च द्यायचा आणि इतर कुणाला तो द्यायचा नाही. नोंद राउटरच्या वहीत होते, त्यामुळे तुम्ही नसतानाही क्रमांक राखलेला राहतो. आणि लॅपटॉप घरी गेला की तिथल्या राउटरकडून तिथला पत्ता घेतो. तुमचे दोन्ही बिघाड या एका बदलाने जातात, म्हणून माझी पहिली पसंती यालाच.

दुकानातल्या ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडा. लॉगिन आणि पासवर्ड सहसा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर असतो. `LAN` किंवा `DHCP Server` या नावाच्या पानावर जा. तिथे `Address Reservation`, `Static DHCP` किंवा `DHCP Binding` असं काहीतरी असेल; नाव कंपनीप्रमाणे बदलतं. त्यात लॅपटॉपचा मॅक आणि 192.168.1.50 टाकून जतन करा. राखीव क्रमांक वाटपाच्या यादीतलाच हवा असा काही राउटरचा आग्रह असतो. तुमच्या राउटरने 50 नाकारला तर यादीतला दुसरा घ्या आणि काउंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बदला.

मॅक कुठला टाकायचा याकडे नीट लक्ष द्या. लॅपटॉपच्या वाय-फायचा मॅक वेगळा असतो आणि केबलच्या पोर्टचा वेगळा. तुम्ही वाय-फाय वापरता, म्हणून `ipconfig /all` मधल्या वाय-फायच्या भागातला घ्या. आणि विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये `Random hardware addresses` हे चालू असेल तर दुकानाच्या नेटवर्कसाठी ते बंद करा. ते चालू ठेवून राखीव क्रमांक केला, तर मॅक बदलला की राउटर लॅपटॉपला ओळखत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. आधी ते बंद करा, पुन्हा जोडा, मग मॅक बघून लिहून घ्या. क्रम हाच ठेवा.

आता लॅपटॉप आपोआप पत्त्यावर आणायचा. `ncpa.cpl` मध्ये वाय-फायवर राइट-क्लिक करून `Properties`, मग `Internet Protocol Version 4 (TCP/IPv4)`, आणि तिथे `Obtain an IP address automatically`. त्याच खिडकीत खाली डीएनएसचा वेगळा पर्याय असतो, तोही आपोआपवर न्यायचा. वरचा बदलतात आणि खालचा विसरतात, मग जुना डीएनएस तसाच राहतो. हॉटेल किंवा विमानतळाच्या वाय-फायवर लॉगिनचं पान उघडत नाही, तेव्हा पुष्कळदा हाच विसरलेला डीएनएस कारण असतो. खिडक्या शोधायचा कंटाळा असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि:

```
netsh interface ip set address name="Wi-Fi" dhcp
netsh interface ip set dns name="Wi-Fi" dhcp
```

तुमच्या अडॅप्टरचं नाव `Wi-Fi` ऐवजी `Wi-Fi 2` वगैरे असेल तर तेच लिहा.

राखीव क्रमांकालाही मर्यादा आहे. राउटर फॅक्टरी रीसेट झाला, किंवा इंटरनेटवाल्याचा माणूस येऊन नवा राउटर लावून गेला, की ती नोंद गेली. त्या पानाचा फोटो काढून ठेवा, पुन्हा भरायला सोपं जातं.

राउटरला हात लावता येत नसेल तर

इमारतीचं सामायिक वाय-फाय असतं, किंवा राउटरचा पासवर्ड इंटरनेटवाल्याकडेच असतो. अशा ठिकाणी हाताने पत्ता टाकणं हाच मार्ग उरतो, आणि नीट केला तर चालतोही. वाटपाची यादी कुठून कुठपर्यंत आहे ते इंटरनेटवाल्याला विचारा. ती 192.168.1.100 ते 192.168.1.199 असेल, तर 50 त्या यादीबाहेर पण त्याच नेटवर्कात आहे आणि राउटर तो दुसऱ्याला देणार नाही. यादी पूर्ण 2 ते 254 असेल तर ती 100 पासून सुरू करून द्या अशी विनंती करा, त्यांचं दोन मिनिटांचं काम आहे. हे न करता नुसता 50 चा 240 केलात, तर बिघाड कमी वेळा येईल, जाणार नाही.

हाताने भरताना चारही रकाने तुमची जबाबदारी. दुकानात लॅपटॉप आपोआपवर असताना एकदा `ipconfig /all` चालवा आणि त्यातला मास्क, गेटवे, डीएनएस जसाच्या तसा उतरवून घ्या. बदलायचा तो फक्त पत्ता. गेटवे चुकला तर काउंटरशी बोलणं होतं, नेट नसतं. डीएनएस चुकला किंवा रिकामा राहिला तर `ping 8.8.8.8` ला उत्तर येतं, वेबसाइट मात्र उघडत नाही. या दोन लक्षणांवरून कुठला रकाना पुन्हा बघायचा ते कळतं. काउंटरवर विंडोज १० असेल आणि तिथेही कधी `Settings` मधून हाताने पत्ता टाकायची वेळ आली, तर `Subnet prefix length` असा रकाना दिसेल. त्यात 255.255.255.0 लिहिलं की सेटिंग जतनच होत नाही; तिथे नुसतं 24 लिहायचं.

घरचा प्रश्न मात्र या मार्गाने सुटत नाही, त्यासाठी मी केबलचा आधार घेतो. दुकानात लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर मिळतो. हाताने टाकायचा पत्ता फक्त त्या `Ethernet` अडॅप्टरवर टाका आणि वाय-फाय कायम आपोआपवर ठेवा. घरी केबल नसते, त्यामुळे तो पत्ता निजलेला राहतो आणि वाय-फाय घरच्या राउटरप्रमाणे चालतं. बिलिंगलाही केबलच बरी. वाय-फाय क्षणभर तुटलं तरी उघडी डेटा फाइल बिघडू शकते.

केबलवर आणि वाय-फायवर दोन्हीकडे 50 टाकू नका. मग लॅपटॉपची स्वतःशीच टक्कर होते.

अडॅप्टरच्या खिडकीत `Alternate Configuration` नावाचा एक टॅब दिसतो, आणि ‘घरचं तिथे टाका, दुकानचं इथे’ असा सल्ला बरेच जण देतात. तुमच्या बाबतीत तो लागू पडत नाही. त्यातला पत्ता विंडोज फक्त तेव्हाच वापरतं, जेव्हा लॅपटॉप आपोआपवर आहे आणि पत्ता देणारं कुणी सापडतच नाही. तुमच्या घरी आणि दुकानात दोन्हीकडे राउटर पत्ता देतोच, त्यामुळे त्याची पाळीच येणार नाही. ज्या यंत्राला थेट केबल लावून सेटिंग करायचं असतं, तिथे तो कामी येतो.

डेटा लॅपटॉपवर का आहे

हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुकानातल्या इतर यंत्रांना ज्याची गरज आहे तो डेटा रोज संध्याकाळी दुकानाबाहेर जाणाऱ्या यंत्रावर ठेवू नये. तुम्ही आजारी पडलात किंवा खरेदीला बाहेरगावी गेलात, की काउंटर ठप्प, मग आयपी कितीही पक्का असो. काउंटरचा पीसी जागचा हलत नाही. डेटा त्याच्यावर ठेवा, राखीव क्रमांक त्याला द्या, आणि लॅपटॉपने तिथून डेटा उघडावा. लॅपटॉपला मग कायमच्या पत्त्याची गरजच उरत नाही. घरून हिशोब बघता यावा म्हणून डेटा लॅपटॉपवर ठेवला असेल तर तुमची अडचण खरी आहे. तेव्हा रोज संध्याकाळी एक प्रत लॅपटॉपवर घेऊन घरी फक्त बघण्यासाठी वापरा, नोंदी दुकानातच करा. दोन्हीकडे नोंदी केल्या की कुठली प्रत खरी ते पुढे कळत नाही.

हे सगळं बदलायला दुकान बंद व्हायच्या वेळी बसा, सकाळच्या गर्दीत नको. राखीव क्रमांक केल्यावर नुसतं ‘आता चालतंय’ यावर थांबू नका, कारण तुमचं आधीही चालतच होतं. लॅपटॉप बंद करा, राउटरची वीज काढून पुन्हा लावा, मदतनिसाचा आणि तुमचा फोन आधी वाय-फायला लागू द्या, आणि मग लॅपटॉप सुरू करा. `ipconfig /all` मध्ये `DHCP Enabled` समोर `Yes` आणि पत्ता 192.168.1.50, त्यापुढे `Preferred` दिसलं, आणि काउंटरवरून बिल निघालं, तर दुकानाचं काम झालं. त्याच रात्री घरी तीच कमांड चालवा; `Yes` तसंच असेल आणि पत्त्यातला तिसरा आकडा घरच्या फोनशी जुळेल.